चुकलेल्या उत्तराचा ताळा

मानसशास्त्राच्या वर्गात हे गणित कधी ना कधी घातलं जातंच. बॅट आणि चेंडू मिळून ११० रुपये. बॅट चेंडूपेक्षा १०० रुपयांनी महाग. तर चेंडू केवढ्याला? अशाच एका तासाला गोळा झालेल्या कागदांमध्ये एक कागद असा होता, की तो गठ्ठ्यातून बाजूला काढून ठेवावासा वाटला. उत्तर होतं ‘१० रुपये’. त्यात नवल नाही, बहुतेकांचं तेच असतं. पण या कागदावर उत्तराखाली पट्टीने रेघ मारून ताळा केलेला होता: १०० + १० = ११०. आणि पुढे ठसठशीत बरोबरची खूण. नाव कुणाचं होतं हे महत्त्वाचं नाही. ती खूण मात्र डोक्यातून जाईना.

कारण या गणिताबद्दल आपण वर्गात जे सांगतो, त्यात हा कागद बसत नाही. सांगायची गोष्ट अशी असते: मनात एक झटपट उत्तर येतं, ते पटतं, आणि माणूस आळसाने तपासतच नाही. एकदा तपासलं असतं तर चूक लगेच कळली असती. इथे तर तपासलं होतं. घाई नव्हती, कंटाळा नव्हता, अक्षरसुद्धा सुवाच्य होतं. तरी चूक तशीच राहिली, उलट पक्की झाली. खुंटी हलवून बळकट करतात, तसा हा ताळा.

नेमकं काय तपासलं गेलं ते पाहू. गणितात अटी दोन आहेत. दोन्ही किमतींची बेरीज ११०, आणि त्यांच्यातला फरक १००. कागदावर तपासली गेली ती फक्त पहिली अट. दुसरी तपासायची तर एक वजाबाकी पुरे होती: चेंडू १० चा आणि बॅट १०० ची, तर फरक ९०. पण ही वजाबाकी करावी असं वाटतच नाही, कारण तोवर ‘१०० रुपयांनी महाग’ हे ‘१०० रुपयांची’ असं वाचून झालेलं असतं. म्हणजे चूक आकडेमोडीच्या आधीच, प्रश्न वाचताना होते. अवघड प्रश्नाच्या जागी त्याच्यासारखा दिसणारा सोपा प्रश्न बसतो, आणि त्या सोप्या प्रश्नाचं उत्तर अगदी बरोबर असतं. ताळाही त्याच बदललेल्या प्रश्नाचा होतो, म्हणून तो जुळतो. मूळ प्रश्न सोडवायचा तर चेंडू ‘क्ष’, बॅट ‘क्ष + १००’, दोन्ही मिळून ११०. म्हणजे दोन क्ष बरोबर १०, आणि चेंडू ५ रुपयांचा. आठवीतल्या मुलालाही जमावं, एवढंच हे समीकरण.

शेन फ्रेडरिक यांनी २००५ साली हे गणित आणखी दोन गणितांसोबत छापलं आणि ते जगभर पोचलं. त्यांच्या नोंदीत ३,४२८ जण होते, त्यातले बरेचसे अमेरिकेतले विद्यार्थी. तिन्ही गणितं चुकणारे ३३ टक्के, तिन्ही बरोबर सोडवणारे १७ टक्के. एमआयटीसारख्या ठिकाणीसुद्धा तिन्ही बरोबर आलेले निम्म्याहून थोडे कमीच, ४८ टक्के. हे आकडे सगळे उद्धृत करतात. त्याच लेखातल्या दोन बारीक गोष्टींकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही. एक अशी: ज्यांचं बॅट-चेंडूचं गणित चुकलं, त्यांना विचारलं की हे किती लोकांना येईल, तर त्यांचा अंदाज ९२ टक्के होता. ज्यांचं बरोबर आलं त्यांचा अंदाज ६२ टक्के. म्हणजे गणित कठीण आहे हे सोडवणाऱ्यांना जाणवतं. चुकणाऱ्यांना ते सोपं वाटतं, कारण त्यांनी सोडवलेलं गणित खरोखरच सोपं होतं. दुसरी गोष्ट केळ्याची. एक केळं आणि एक बेगल, म्हणजे मधे भोक असलेला गोल पाव, मिळून ३७ सेंट. केळं पावापेक्षा १३ सेंटनी महाग. तर पाव केवढ्याला? बीजगणित तेच, फक्त आकडे आडमुठे. आणि हे गणित लोकांना जास्त चांगलं येतं. ११० चे १०० आणि १० असे दोन तुकडे आपोआप पडतात. ३७ चे तसे पडत नाहीत, म्हणून मन तिथे अडतं, आणि अडल्यावर आकडेमोड करतं. उत्तर येतं १२.

तेव्हा झटपट विचार चुकतो, असं मोघम म्हणून भागत नाही. तो कुठे चुकेल हे आकड्यांची ठेवण ठरवते.

इथे सिद्धांताची थोडी फोड करायला हवी, कारण परीक्षेच्या उत्तरांत सगळ्यात मोठा घोटाळा इथेच होतो. किथ स्टॅनोविच आणि रिचर्ड वेस्ट यांनी २००० साली झटपट विचाराला ‘सिस्टीम १’ आणि सावकाश, मंद विचाराला ‘सिस्टीम २’ ही नावं रूढ केली. ती इतकी सुटसुटीत आहेत, की डोक्यात दोन वेगळे कप्पे आहेत असंच मुलांना वाटू लागतं. पुढे स्टॅनोविच आणि जोनाथन इव्हान्स यांनी ‘प्रकार १’ आणि ‘प्रकार २’ असं म्हणणं पसंत केलं, आणि फरकाची खूणही नेमकी केली. खूण वेगाची नाही. प्रकार २ ला वर्किंग मेमरी, म्हणजे काम चालू असताना मनात धरून ठेवायची जागा, लागते. प्रकार १ ला ती लागत नाही. तो आपला आपण चालतो. ‘सात आठे छप्पन्न’ म्हणताना काही धरून ठेवावं लागत नाही. २३ गुणिले १७ तोंडी करून पाहा. २३ दाहे दोनशेतीस, ते बाजूला ठेवा; २३ साते एकशेएकसष्ट; आता मघाचे दोनशेतीस परत आणा; बेरीज ३९१. मधेच कुणी शेजारी बसून मोबाइल नंबर सांगायला लागलं, की दोनशेतीस गेलेच समजा. जे असं सांडतं ते प्रकार २.

या व्याख्येतून आणखी एक गोष्ट निघते. झटपट विचार जन्मजात किंवा रानटी असेलच असं नाही. जुन्या पिढीला दिडकी पाठ असायची. ‘सात दिडे साडेदहा’ म्हणणाऱ्या दुकानदाराला त्या क्षणी अपूर्णांकांचा गुणाकार करावा लागत नव्हता, तो लहानपणी केव्हाच होऊन गेला होता. आजचा मंद विचार घोकून घोकून उद्याचा झटपट विचार होतो. हे लक्षात ठेवलं नाही, तर पुढचे प्रयोग कोड्यासारखे वाटतात.

नेहमीचं चित्र असं: सगळ्यांच्या मनात आधी ‘१०’ येतं, त्यातले काही थांबतात, आकडेमोड करतात, आणि ‘५’ वर पोचतात. म्हणजे बरोबर उत्तर हे दुरुस्त केलेलं उत्तर. ऐकायला इतकं रास्त वाटतं, की हे कुणी तपासून पाहिलंय का, असा प्रश्नही सुचत नाही. बेन्स बागो आणि विम द नेस यांनी ते तपासलं. त्यासाठी त्यांनी दोन उत्तरांची पद्धत वापरली, जी त्याआधी व्हॅलरी थॉम्पसन यांनी वापरात आणली होती. पद्धत सांगायला सोपी, करायला किचकट. आधी पडद्यावर चौकोनांची एक जाळी दिसते, तिच्यातल्या काही घरांत ठिपके असतात. त्यांच्या जागा लक्षात ठेवायच्या. मग गणित येतं. मोजक्या सेकंदांत, सुचेल ते पहिलं उत्तर द्यायचं. लगेच मघाचे ठिपके कुठे होते ते ओळखायचं. त्यानंतर तेच गणित पुन्हा समोर येतं, आणि आता हवा तितका वेळ घेऊन अंतिम उत्तर द्यायचं. ठिपके कशाला? वर्किंग मेमरीची जागा अडवून ठेवायला. घड्याळ कशाला? जी काही जागा उरली असेल ती वापरायलाही वेळ मिळू नये म्हणून. ज्यांचे ठिपके चुकले किंवा ज्यांनी वेळ उलटवली, त्यांच्या नोंदी काढून टाकायच्या. कारण त्यांनी पहिल्याच फेरीत विचार केला नसेल, याची खात्री उरत नाही.

असं केलं की प्रत्येकाची दोन उत्तरं हातात येतात, आणि चार शक्यता उरतात. आधी चूक, नंतरही चूक. आधी चूक, नंतर बरोबर. दोन्ही वेळा बरोबर. आणि आधी बरोबर असून नंतर चूक. जुनं चित्र खरं असतं, तर बरोबर उत्तर देणारे जवळजवळ सगळे दुसऱ्या गटात सापडायला हवे होते. तसं झालं नाही. ज्यांचं अंतिम उत्तर बरोबर होतं, त्यातल्या अनेकांचं पहिलंही बरोबर होतं. ठिपके डोक्यात धरून, घड्याळ चालू असताना दिलेलं. त्यांना पहिल्या उत्तरानंतर ‘कसं काय?’ असं विचारलं, तर बऱ्याच जणांना धड सांगता येत नव्हतं. दुसऱ्या, निवांत उत्तरानंतर मात्र कारण व्यवस्थित मांडता येत होतं. म्हणजे त्यांच्या बाबतीत मंद विचाराने उत्तर शोधलं नाही. हाती आलेल्या उत्तराला पुरावा शोधून दिला.

आणि सगळ्यात मोठा गट? पहिलाच. आधी १०, नंतर भरपूर वेळ मिळूनही १०.

आता त्या पट्टीने मारलेल्या रेघेचा अर्थ लागू लागतो. दोन्हीकडे मंद विचाराचं काम एकच चाललं आहे, हाती असलेल्या उत्तराची बाजू भक्कम करण्याचं. उत्तर ५ असेल तर ५ ची, १० असेल तर १० ची. पाठ्यपुस्तकातला मंद विचार न्यायाधीशासारखा असतो. प्रत्यक्षात तो बऱ्याचदा वकील असतो, आणि अशील आधीच ठरलेला असतो.

मग दुसऱ्यांदा विचार करायची इच्छा तरी कुणाला आणि केव्हा होते? थॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली पहिल्या उत्तरासोबत आणखी एक गोष्ट विचारली: हे उत्तर बरोबर असल्याचं किती वाटतंय? ही ‘बरोबर असल्याची भावना’ जितकी कमकुवत, तितका दुसऱ्या फेरीत वेळ जास्त, आणि उत्तर बदलण्याची शक्यताही जास्त. भावना घट्ट असेल तर माणूस दुसऱ्या फेरीत जेमतेम डोकावतो. इथवर ठीक. घोडं पेंड खातं ते पुढे. ही भावना उत्तर किती खरं आहे यावरून येत नाही. ते किती अलगद सुचलं यावरून येते. ११० चे तुकडे अलगद पडतात, म्हणून भावना दाट. ३७ चे पडत नाहीत, म्हणून विरळ. तपासणीची गरज जिथे सर्वांत जास्त, नेमकं तिथेच तपासावंसं वाटत नाही. अगदीच काही वाटत नाही असंही नाही. द नेस आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली या गणितासोबत एक साधं गणित ठेवलं, ज्यात ‘अमुकने महाग’ नाही, सरळ किंमतच दिलेली. चुकीचं उत्तर देणाऱ्यांना आपल्या उत्तराबद्दल वाटणारी खात्री मूळ गणितात साध्या गणितापेक्षा कमी भरली. काहीतरी खटकतंय, एवढं त्यांनाही जाणवत होतं. काय खटकतंय ते सापडत नव्हतं.

साहजिकच, लोकांना जरा अडवलं तर काम होईल, असं अनेकांना वाटलं. २००७ साली ॲडम ऑल्टर आणि सहकाऱ्यांनी प्रिन्सटनच्या ४० विद्यार्थ्यांना फ्रेडरिक यांची तिन्ही गणितं दिली. निम्म्यांना स्वच्छ छपाईत, निम्म्यांना पुसट, वाचायला त्रासदायक अक्षरात. स्वच्छ छपाईच्या गटात निदान एक तरी चूक करणारे ९० टक्के, पुसट छपाईच्या गटात ३५ टक्के. डोळ्यांना ताण दिला की मन सावध होतं, हा निष्कर्ष इतका गोड होता की व्याख्यानांत आणि प्रशिक्षणवर्गांत तो सर्रास फिरू लागला. अजूनही फिरतो. २०१५ साली अँड्र्यू मायर, फ्रेडरिक आणि बऱ्याच जणांनी मिळून असे १७ अभ्यास एकत्र केले, ७,००० हून अधिक लोकांचे. परिणाम जवळपास शून्य. पुसट अक्षराने गणित पुसट दिसतं, एवढंच. नोट्समध्ये २००७ चा अभ्यास लिहिणाऱ्यांनी २०१५ चाही लिहावा, ही कळकळीची विनंती. मायर आणि फ्रेडरिक तिथेच थांबले नाहीत. २०२३ साली त्यांनी मुख्यतः याच गणितावरचे ५९ अभ्यास एकत्र प्रसिद्ध केले, ७२,३१० लोकांचे. विचार करायला लावण्याचे निरनिराळे उपाय करून पाहिले. उत्तराशी न जुळणारी सरळ आकडेमोड समोर ठेवून पाहिली. तरीही अनेक जण १० ला चिकटून राहिले. वेळ मिळत नाही म्हणून लोक चुकतात, असं म्हणायला यानंतर फारशी जागा उरत नाही.

वकिलीचा याहून उघड पुरावा हवा असेल तर मागे, १९७५ पर्यंत जावं लागतं. पीटर वेसन आणि जोनाथन इव्हान्स यांचा हा प्रयोग अभ्यासक्रमात एका ओळीत उरकला जातो, ते काही बरोबर नाही. वेसन यांचा पत्त्यांचा प्रश्न आपल्या अक्षरांत मांडू. चार पत्ते टेबलावर आहेत. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला अंक. वर दिसतंय: क, ट, ३, ७. नियम असा: ‘एका बाजूला क असेल तर दुसऱ्या बाजूला ३ असतो.’ नियम खरा की खोटा हे ठरवायला कोणते पत्ते उलटायलाच हवेत? बहुतेक जण क आणि ३ निवडतात. बरोबर उत्तर क आणि ७. ७ च्या मागे क निघाला तर नियम मोडला. ३ च्या मागे काहीही असलं तरी नियमाचं काही बिघडत नाही, कारण ट च्या मागे ३ नसतो असं नियम म्हणतच नाही.

आता नियमात एकच शब्द घाला: ‘एका बाजूला क असेल तर दुसऱ्या बाजूला ३ नसतो.’ पत्ते तेच. बहुतेक जण पुन्हा क आणि ३ च निवडतात. आणि गंमत म्हणजे या वेळी ते बरोबर असतं! क च्या मागे ३ निघाला तर नियम मोडला, ३ च्या मागे क निघाला तरी मोडला. लोक तर्क लावून नव्हे, तर नियमात ज्यांची नावं आली तेच पत्ते उचलत असावेत, हे इव्हान्स यांनी आधीच दाखवलं होतं. वेसन आणि इव्हान्स यांनी नवं काय केलं? प्रत्येक पत्ता का निवडला किंवा का सोडला, ते लिहून द्यायला सांगितलं. ‘नसतो’ वाल्या नियमासाठी लोकांनी काय लिहावं? ‘मागे अमुक निघालं तर नियम खोटा ठरेल म्हणून.’ अगदी तर्कशास्त्राच्या पुस्तकातलं कारण. मग त्याच माणसांना ‘असतो’ वाला नियम दिला. त्यांनी तेच दोन पत्ते निवडले, आणि लिहिलं: ‘मागे अमुक निघालं तर नियम खरा ठरेल म्हणून.’ दोन मिनिटांपूर्वी सापडलेलं खोडून काढण्याचं तत्त्व आता गायब. ते खरंच उमगलं असतं तर दुसऱ्या नियमात हात ७ कडे गेला असता. हात आधीच ठरला होता. कारणं नंतर, निवडीला शोभतील अशी आली. लिहिणाऱ्यांनी ती प्रामाणिकपणे लिहिली होती. आपण हाच विचार करून पत्ते उचलले, असं त्यांना खरंच वाटत होतं.

तोंडी परीक्षेत ‘असं का?’ असं विचारून विद्यार्थ्याचा विचार कळतो, अशी आपली समजूत असते. कळतो तो त्याने नंतर जुळवलेला विचार. पहिला विचार कळायचा तर प्रश्नाचा एक शब्द बदलून पुन्हा विचारावं लागतं, आणि उत्तर हललं का ते पाहावं लागतं.

इथवर वाचून कुणी म्हणेल, वकील निरुपयोगी असेल, पण निरुपद्रवी तरी आहे. तेही खरं नाही. टिमथी विल्सन आणि जोनाथन स्कूलर यांनी १९९१ साली विद्यार्थ्यांना पाच प्रकारचे स्ट्रॉबेरी जॅम चाखायला दिले. हेच जॅम एका ग्राहक मासिकाच्या तज्ज्ञांनी आधी चाखून क्रमवार लावलेले होते. संशोधकांनी त्या यादीतले पहिला, अकरावा, चोविसावा, बत्तिसावा आणि चव्वेचाळिसावा असे मुद्दाम दूरदूरचे उचलले. नुसतं चाखून गुण देणाऱ्यांचं तज्ज्ञांशी बऱ्यापैकी जुळलं, सहसंबंध ०.५५. दुसऱ्या गटाला आधी आपली आवडनिवड का, याची कारणं लिहायला लावली आणि मग गुण द्यायला सांगितले. सहसंबंध ०.११ वर आला, म्हणजे जुळणं जवळपास संपलं. जिभेत फरक नव्हता. फरक पडला तो असा: चवीतलं जे शब्दांत पकडता येतं, म्हणजे गुठळ्या आहेत का, पसरतो कसा, रंग कसा, ते कागदावर आलं. जे पकडता येत नाही ते मागे राहिलं. मग गुण दिले गेले ते कागदावरच्या कारणांना. चवीचा निवाडा शब्दसंग्रहाने केला.

हातांच्या कौशल्यातही हेच दिसतं. सायन बायलॉक आणि सहकाऱ्यांनी २००४ साली गोल्फ खेळणाऱ्यांना कधी ‘अचूक मारा’ असं सांगितलं, तर कधी ‘भराभर मारा’ असं. नवशिके अचूकतेवर लक्ष देताना चांगले खेळले. मुरलेले खेळाडू भराभर मारताना चांगले खेळले. नवशिक्याला पायरी-पायरीने जाणं भागच असतं, कारण त्याच्याकडे दुसरं काही नसतं. मुरलेल्याच्या हातात सगळ्या पायऱ्या एकजीव झालेल्या असतात. लक्ष घालून त्या पुन्हा सुट्या केल्या की लय जाते. दिडकी पाठ असलेल्या माणसाला ‘सात दिडे’ची रीत सांगायला लावली, तर तोही क्षणभर चाचरेल.

मग कोणाच्या झटपट निर्णयावर विश्वास ठेवायचा? डॅनियल कानमन आणि गॅरी क्लाइन यांनी यावर २००९ साली एकत्र लेख लिहिला. एकाचं आयुष्य अंतर्ज्ञानाच्या चुका दाखवण्यात गेलेलं, दुसऱ्याचं आग विझवणाऱ्या अधिकाऱ्यांसारख्या माणसांचं अंतर्ज्ञान किती कामाचं असतं हे दाखवण्यात. मतभेद मांडायला बसले आणि एका ठिकाणी एकमत झालं. अटी दोन. ज्या परिस्थितीत निर्णय घ्यायचा, तिच्यात काही एक नियमितपणा हवा. आणि तो नियमितपणा शिकायची संधी हवी, म्हणजे आपला निर्णय चुकला की बरोबर आला हे लवकर आणि स्पष्ट कळायला हवं. भूलतज्ज्ञाने औषधाची मात्रा कमीजास्त केली की काही क्षणांत समोरच्या यंत्रावर नाडी आणि रक्तदाब बोलतात. क्ष-किरण पाहून निदान करणाऱ्याला त्या रुग्णाचं पुढे काय झालं, हे कित्येकदा कळतही नाही. अनुभवाची वर्षं दोघांची सारखी असली, तरी अंतर्ज्ञान सारखं नसतं. शेअर बाजारात उद्या कोणता भाव चढेल हे सांगणाऱ्याची तर पहिलीच अट पडते. या यादीत आत्मविश्वास कुठेच नाही, हे मुद्दाम पाहण्यासारखं आहे. तो तिघांकडेही भरपूर असतो.

हे सगळं वर्गात करून पाहायचं असेल, तर एक प्रॅक्टिकल सहज बसतं. संगणक नसला तरी चालतो. तीन बाय तीनची जाळी, तिच्यात चार ठिपके, दोन-तीन सेकंद दाखवायची. मग गणित फळ्यावर. पण बॅट-चेंडूचं नको, ते आता सगळ्यांनी रील्समध्ये पाहिलेलं असतं. ‘वही आणि पेन मिळून १७० रुपये, वही पेनापेक्षा १०० रुपयांनी महाग’ असं काही घ्यावं. सुचणारं उत्तर ७०, खरं ३५. सोबत एक साधं गणित हवंच, ‘वही १०० रुपयांची आहे’ असं सरळ सांगणारं. ते चुकणारा विद्यार्थी वाचतच नाहीये, आणि त्याची नोंद उपयोगाची नाही. उत्तरासाठी मोकळी जागा ठेवण्यापेक्षा पर्याय द्यावेत, नाहीतर लिहिण्यातच वेळ जातो. मुदत अंदाजाने ठरवू नये. आधी दुसऱ्या तुकडीला तेच गणित नुसतं वाचायला द्यावं, त्यांना लागलेला सरासरी वेळ मोजावा, आणि तोच पहिल्या उत्तराची मुदत म्हणून वापरावा. मुदत सैल ठेवली तर पहिल्या फेरीत मंद विचार शिरतो, आणि मग ‘दोन्ही वेळा बरोबर’ वाल्या गटाला काही अर्थ राहत नाही. प्रत्येक उत्तराशेजारी खात्री ० ते १०० मध्ये लिहून घ्यावी. दुसऱ्या उत्तराखाली ताळा करायला जागा सोडावी, पण ‘ताळा करा’ असं सांगू नये. कोण करतो, आणि कोणत्या अटीचा करतो, हे त्या जागेतच कळतं: बेरजेचा, फरकाचा, की दोन्हींचा.

‘हे गणित आधी पाहिलंय का?’ हा प्रश्न शेवटी विचारायचा, सुरुवातीला नाही. सुरुवातीला विचारला की त्यात काहीतरी मेख आहे हे वर्गाला समजतं. ज्यांनी ‘हो’ लिहिलं त्यांचे कागद वेगळे ठेवायचे. ते फेकायचे नाहीत. त्यांना आकडे बदललेलं केळ्याचं गणित द्यायचं आणि तिथे पहिलं उत्तर किती वेळात येतं ते मोजायचं. बॅट-चेंडूचं ‘५’ नुसतं पाठ असलेला आणि रीत हातात बसलेला, यांच्यातला फरक निदान तिथे तरी दिसायला लागतो.